जुन्या भिंतीला पर्लाइट/कॉर्कचा उष्णतारोधक गिलावा: किती जाड चालतो आणि वरून काय लावायचं?

पडवी

जुन्या घराच्या एका बाहेरच्या भिंतीला आतून उष्णतारोधक गिलावा करायचा विचार आहे. भिंत ४५ सेंमी, भाजक्या विटांची, जुडाई चुन्याची. लांबी ४.२ मीटर, उंची २.९ मीटर, मध्ये १.२ × १.४ ची खिडकी. थंडीच्या दिवसांत भिंत बर्फासारखी लागते, आणि कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरते. बाहेरून काही करता येणार नाही, दर्शनी विटा तशाच ठेवायच्या आहेत.

विक्रेता म्हणतो, पर्लाइटचा तयार गिलावा एका दमात १०० मिमी मारा, वर नेहमीची वॉलपुट्टी आणि प्लास्टिक पेंट. गवंडी म्हणतो २५ मिमीच्या वर जबाबदारी घेणार नाही. दोघांच्यात चौपट फरक! खरं काय धरायचं? आणि पर्लाइट की कॉर्क?

---

गवंडीकाका

दोघंही वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलतायत. तुमचा गवंडी एका थराबद्दल बोलतोय आणि तो बरोबर आहे. चुन्यातला पर्लाइट गिलावा एका थरात २० ते २५ मिमी, फार तर ३०. त्याच्या वर गेलात तर ओल्या वजनाने खाली सरकतो, पोट धरतो. पहिल्या दिवशी दिसत नाही. वाळल्यावर आडव्या, किंचित खाली झुकलेल्या भेगा येतात आणि थापीच्या मुठीने ठोकलं की बद्द आवाज येतो.

एकूण जाडी मात्र थरावर थर देऊन वाढवता येते. ५०-६० मिमीपर्यंत चांगल्या खडबडीत विटेवर जाळीशिवाय जमतं. त्याच्या वर भिंतीला खिळवलेली वेल्डेड जाळी हवी, म्हणजे गिलाव्याचं वजन फक्त चिकटण्यावर राहत नाही.

पुट्टीबद्दल नंतर लिहितो, त्यावर बरंच बोलायचंय.

---

कोरडा_विनोद

१०० मिमी एका दमात म्हणजे गिलावा नव्हे, दुसरी भिंतच. तिला वेगळा पाया लागेल.

---

हिरवं_घर

पर्लाइट अजिबात घेऊ नका. ते पाणी पितं, ओलं झालं की रोधकपणा संपला. कॉर्क नैसर्गिक आहे, पाणी धरत नाही, श्वास घेतो, आणि लॅम्डा, म्हणजे माल उष्णता किती वाहून नेतो तो आकडा, तोही कमी. कॉर्क घेतलात की जाडीची कटकटच नाही.

---

ओळंबा

@हिरवं_घर, अर्धं बरोबर. उघडा पर्लाइटचा दाणा पाणी शोषतो हे खरं, म्हणून गिलाव्यासाठी बऱ्याचदा सिलिकॉनने प्रक्रिया केलेला, पाणी झटकणारा पर्लाइट वापरतात. पण ओला झाला की रोधकपणा कमी होणं हे दोन्हीकडे आहे. कॉर्कच्या दाण्याने पाणी धरलं नाही तरी त्याच्याभोवतीचा चुना धरतो. पोत्यावरचा लॅम्डा कोरड्या नमुन्याचा असतो.

कॉर्कचे फायदे खरे आहेत. दाणा लवचीक असल्याने भेगा कमी येतात, आणि चांगल्या तयार मिश्रणांचा लॅम्डा पर्लाइटपेक्षा कमी मिळतो. तोटेही ऐका. कॉर्कमधला तपकिरी रंग ओल्या चुन्याबरोबर वर येतो आणि पांढऱ्या निवळीवर चहाच्या डागासारखा उमटतो. शिवाय पृष्ठभाग खरवडताना दाणे उपटून निघतात आणि खळगे राहतात. आगीच्या बाबतीत पर्लाइट मुळात ज्वालामुखीची काच, जळत नाही. कॉर्क जळणारा पदार्थ आहे, चुन्यात कोंडलेला असल्याने पेटत सहसा नाही, पण जिना किंवा चुलीमागच्या भिंतीला मी पर्लाइटच सुचवेन.

"कटकटच नाही" हे मात्र नाही. एकूण जाडीला एक मर्यादा गिलाव्याची असते आणि एक भिंतीची. दुसरीबद्दल कुणी बोलत नाही.

---

शांतताप्रिय

कॉर्कचा विषय निघालाच आहे तर, शेजाऱ्यांचा टीव्ही ऐकू येतो त्या भिंतीला कॉर्कच्या शीट चिकटवल्या तर आवाज थांबेल का? किती मिमीच्या घ्याव्यात?

---

कोरडा_विनोद

@शांतताप्रिय, कॉर्क शेजाऱ्यांच्या टीव्हीत कोंबला तरच.

---

ओळंबा

@शांतताप्रिय, इथे चुन्यात मिसळलेल्या कॉर्कच्या दाण्यांबद्दल चाललंय, शीटबद्दल नाही. पण थोडक्यात उत्तर: नाही थांबणार. हलक्या, पातळ थराने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, भिंतीपलीकडचा आवाज अडवायला वजन किंवा मध्ये मोकळी जागा सोडून दुसरा थर लागतो. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

---

हिशेबी

पडवी यांच्या भिंतीचा हिशेब करून पाहिला. वीट आणि चुना मिळून लॅम्डा ०.८ धरला, आतल्या हवेच्या थराचा रोध ०.१३ आणि बाहेरचा ०.०४. मूळ भिंतीचा एकूण रोध ०.७३ येतो, म्हणजे यू-मूल्य, भिंतीतून उष्णता किती निसटते तो आकडा, साधारण १.३७.

तयार मिश्रणाचा लॅम्डा ०.०८ असेल तर:

३० मिमीला यू ०.९०
५० मिमीला ०.७४
८० मिमीला ०.५८
१०० मिमीला ०.५०

पहिल्या ३० मिमीत प्रत्येक सेंटीमीटरला यू ०.१५ ने उतरतो, ८० ते १०० मध्ये ०.०४ ने सुद्धा नाही. शेवटचे दोन सेंटीमीटर जाळी, खिळे आणि कित्येक दिवसांची वाळवण मागतात आणि देतात फारच थोडं.

आता हेच मिश्रण साइटवर बनवलं, सुटा पर्लाइट आणि चुना, तर लॅम्डा ०.१३ सहज होतो. मग ५० मिमीला यू ०.९० येतो. म्हणजे घरगुती ५० मिमी आणि चांगलं पोतं ३० मिमी, फळ एकच. जाडीवर भांडण्याआधी पोत्यावरचा लॅम्डा वाचा. ईएन ९९८-१ या युरोपीय मानकात उष्णतारोधक गिलाव्याचे दोन वर्ग आहेत: टी-१ म्हणजे लॅम्डा ०.१ किंवा कमी, टी-२ म्हणजे ०.२ पर्यंत. टी-२ वर पैसे घालवून पश्चात्ताप करणारे बरेच असतात.

---

पडवी

वा, हा तक्ता फारच उपयोगी. म्हणजे ६० च्या आसपास थांबावं? आणि ओळंबा, ती "भिंतीची मर्यादा" काय?

---

ओळंबा

आतून रोधक थर दिला की जुनी भिंत गार होते. आजवर खोलीची ऊब विटेत शिरत होती, आता ती गिलाव्यातच अडते. त्यामुळे गिलावा आणि जुनी वीट यांच्यामधली रेषा थंड पडते, आणि खोलीतली बाष्प असलेली हवा गिलाव्यातून झिरपत तिथे पोचते.

हिशेबी यांचेच आकडे घेऊ. आत २० अंश, बाहेर ५. गिलावा ५० मिमी, तर त्या मधल्या रेषेवर सुमारे ११.७ अंश येतात. ३० मिमीला १३ च्या वर, १०० मिमीला साडेनऊच्या आसपास. २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १२ अंशांचा. म्हणजे ५० मिमीला आपण काठावर आहोत आणि १०० ला त्या रेषेवर सरळ सरळ पाणी सुटणार. आर्द्रता ५० टक्के ठेवता आली तर दवबिंदू ९.३, मग १०० मिमीही कसाबसा तग धरतो.

ही स्थिर अवस्थेची आकडेमोड आहे, प्रत्यक्षात थंडी येते-जाते. चुन्याच्या गिलाव्याची खरी ताकद अशी की सुटलेलं थोडं पाणी तो केशाकर्षणाने ओढून परत खोलीकडे आणतो आणि वाळवतो. म्हणून काठावर असणं चालून जातं. फक्त दोन अटी: आतला रंग बाष्प जाऊ देणारा हवा, आणि बाहेरून पावसाचं पाणी विटेत मुरता कामा नये. दर्शनी विटांचे सांधे उघडे असतील तर आधी ते भरा. आतून गिलावा केल्यावर ती भिंत पूर्वीइतकी लवकर वाळणार नाही.

यावरून प्लास्टिक पेंटचं उत्तर मिळालंच. तो आतून झाकण लावतो आणि पाणी परत यायची वाट बंद.

---

वास्तुवेडी

याला जोडून एक: त्या भिंतीत लाकडी तुळयांची टोकं बसलेली आहेत का ते आधी बघा. आतून गिलावा झाल्यावर भिंत गार आणि दमट होते, टोकं नेमकी तिथेच बुडालेली असतात. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, टोक भुसभुशीत झालेलं असतं. तपासायला टोकाजवळ बारीक छिद्र पाडून बाहेर येणारा भुसा बघायचा. फिक्का, कोरडा, कुरकुरीत आला तर ठीक. गडद, ओलसर, मऊ आला तर गिलाव्याचा विचार बाजूला ठेवून आधी तुळई.

माझ्याकडे दगडी भिंत आहे, खालच्या मीटरभर भागाला लोणा येतो. तिथे हाच गिलावा चालेल का? वाचलंय की पर्लाइट लोणा "पिऊन" टाकतो.

---

गवंडीकाका

@वास्तुवेडी, नाही. लोणा सोसणारे गिलावे वेगळे असतात, त्यांची छिद्रं मोठी आणि तशीच बनवलेली असतात. साध्या उष्णतारोधक गिलाव्यात क्षार साठतात आणि वरचा कवच ढकलून देतात. आधी ओल कुठून येते ते शोधा: बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आहे का, पन्हाळीचं पाणी पायथ्याशी पडतं का. ते थांबल्यावर भिंतीला पुरता वेळ द्या. मग वरच्या भागाला उष्णतारोधक आणि खालच्या मीटरभराला साधा चुन्याचा गिलावा, असं वाटून करा.

हेच पडवींनाही: फरशीपासून ३०-४० मिमी वर थांबा. गिलावा फरशीला टेकला की फरशी पुसतानाचं पाणी तो वातीसारखा वर ओढतो. ती फट पुढे लाकडी पट्टीमागे झाकली जाते.

आता पुट्टी.

हा गिलावा मऊ असतो. बोटाच्या नखाने ओरखडा पडतो, पडायलाच हवा. त्याच्यावर सिमेंटची किंवा पॉलिमरची कडक पुट्टी दिली की वरचा पापुद्रा वाळताना आकसतो, खालचा मऊ थर त्याला धरून ठेवू शकत नाही आणि पापुद्रा आपल्याबरोबर गिलाव्याची साल घेऊन निघतो. पडलेला पोपडा उलटा करून पाहा. मागे पांढरे दाणे चिकटलेले असतील तर गिलावा आतून फाटलाय, म्हणजे वरचा थर जास्त कडक होता. मागची बाजू स्वच्छ असेल तर चिकटलाच नव्हता, म्हणजे खाली धूळ होती किंवा गिलावा कोरडा ठणठणीत होता. नियम जुनाच: खालून वर येताना थर मऊ होत जावेत, निदान कडक होऊ नयेत.

वरून द्यायचा तो चुन्याचाच थर. पहिला ४-५ मिमीचा, बारीक वाळूचा, त्यात काचेच्या धाग्यांची अल्कली सोसणारी जाळी. जाळी गिलाव्यावर ठेवून वरून थर ओढू नका, मग ती नुसती तळाशी राहते. आधी दोन-तृतीयांश थर द्या, जाळी ओल्यात दाबा, वर उरलेला थर. जोडाला १० सेंमी एकावर एक. खिडकीच्या चारही कोपऱ्यांना तिरके तुकडे जास्तीचे, कारण भेग तिथूनच निघते. मग २-३ मिमी बारीक थर किंवा नीरू, आणि चुन्याची निवळी किंवा सिलिकेट रंग.

---

हिरवं_घर

जाळीत काचेचे धागे आणि प्लास्टिकचा लेप, मग नैसर्गिक कुठे राहिलं? तागाची जाळी घाला ना.

---

गवंडीकाका

घाला की. पण ताग ओल्या चुन्यात आधी फुगतो, मग आकसतो. आधी भिजवून, पिळून लावा. ओलसर भिंतीत तो कुजतो, काचेचा धागा कुजत नाही. तुमचा निर्णय.

---

थापी_फिरवे

जाळी सक्तीची आहे असं मला वाटत नाही. दोन थर नीट वाळू दिले, मध्ये खरवड दिली, तर चुन्याच्या फिनिशला जाळी न घालताही भेगा येत नाहीत. जुन्या भिंतींना कुठे जाळ्या होत्या?

---

ओळंबा

जुन्या भिंतींना ५० मिमी मऊ गादीही नव्हती, त्यामुळे ती तुलना टिकत नाही. ३० मिमीपर्यंत आणि अखंड विटेवर मीही जाळीशिवाय मान्य करेन. जिथे वीट आणि दगड, वीट आणि लाकूड असं पदार्थ बदलतं तिथे मात्र जाळी. ५० ला घालाच.

---

थापी_फिरवे

पदार्थ बदलतो तिथे हो. ५० अखंड विटेवर, अजूनही नाही. पण असो.

---

पडवी

तुळया त्या भिंतीत नाहीत, आडव्या भिंतींवर आहेत. सांधे बाहेरून तपासून घेतो. आता कामाचा क्रम कुणी सांगेल का? सध्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आहे, त्यावर ऑइलपेंट. ओळंबा लावून पाहिला, मध्यभागी भिंत २५ मिमी आत गेली आहे.

---

गवंडीकाका

ऑइलपेंट आणि सिमेंट गिलावा दोन्ही उतरवायचे, टाचे मारून भागणार नाही. टाच्यांनी पकड मिळते, पण आत सिमेंटचा बंद थर राहतो आणि वर ओळंबा यांनी सांगितलेलं पाणी नेमकं तिथे साचतं. सिमेंट काढताना विटेचे तुकडे निघतील, ते गृहीत धरा.

सांधे १५ मिमी खोल खरवडा, तारेच्या ब्रशने झाडा. आदल्या संध्याकाळी भिंत पाण्याने भिजवा आणि सकाळी पुन्हा. वीट ओलसर पण पाणी न चमकणारी हवी. कोरड्या विटेने मिश्रणातलं पाणी ओढलं की गिलाव्याचा तळ नुसती भुकटी होतो, आणि ते तुम्हाला कळतं महिनाभराने.

मग शिंपण. हायड्रॉलिक चुना आणि जाड वाळू, पातळ करून थापीने जोरात फेकायचं, सुमारे ५ मिमी. थापीने फिरवायचं नाही, खडबडीतच हवं. दोन-तीन दिवस थांबायचं.

२५ मिमीचा खड्डा त्याच गिलाव्याने आधी भरा, सपाट करू नका, ओरबाडून ठेवा. त्यानंतर अख्ख्या भिंतीला २०-२५ मिमीचा पहिला थर, तोही पट्टीने हलकेच सरळ करून आडवा ओरबाडायचा. दुसरा थर कधी? खिळा टेकवून ओढला की रेघ पडावी पण खिळा रुतू नये, आणि रंग एकसारखा फिका झालेला असावा. हवामानानुसार आठवडा, कधी जास्त.

---

हिशेबी

खड्डा उष्णतारोधक मिश्रणानेच भरायचा की विटेचे तुकडे आणि चुन्याने? मिश्रण महाग असतं आणि तिथे ७५ मिमी झालं तर मघाचं दवाचं गणित त्या जागी बिघडेल.

---

गवंडीकाका

दोन पदार्थ जवळजवळ आले की त्यांच्या शिवेवर भेग येते, म्हणून मी एकाच मिश्रणाच्या बाजूचा.

---

ओळंबा

मी विटेच्या तुकड्यांच्या बाजूचा. शिंपणाच्या आधी चिपा चुन्यात बसवल्या तर त्या भिंतीचाच भाग होतात, वर शिंपण आणि गिलावा अखंड जातो, शिव वर येतच नाही. शिवाय जाडी सगळीकडे सारखी राहते. दोन्ही पद्धतींनी केलेली कामं टिकलेली आहेत, हेही खरं.

---

पडवी

मिसळण्याबद्दल काही? माझ्याकडे पोती येतील, पण खड्ड्यासाठी आणि खिडकीच्या बगलांसाठी सुटा पर्लाइटही घ्यावा का असा विचार आहे.

---

थापी_फिरवे

इथे बहुतेक कामं फसतात. पर्लाइटचा दाणा म्हणजे फुगलेली काच, बोटांत चिरडला जातो. मिक्सरमध्ये जास्त फिरवला की दाणे फुटून पीठ होतं, मिश्रण आकसतं आणि जड होतं. गडी म्हणतो "पातळ झालं" आणि आणखी पोतं ओततो. तोवर रोधकपणा गेलेला असतो.

सुट्यासाठी एक घमेलं हायड्रॉलिक चुना, तीन ते चार घमेली पर्लाइट. आधी पाणी, मग चुना घालून गुळगुळीत करायचा, पर्लाइट सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटंच. वेगाने फिरणारा ड्रिलचा पंखा टाळा.

तपासायला एक लिटरचा डबा ठेवा. पहिल्या चांगल्या घाण्याचा डबा काठोकाठ भरून, न ठोकता, वजन करा आणि आकडा भिंतीवर लिहा. पुढच्या प्रत्येक घाण्याचं वजन त्याच्या आसपास यायला हवं. एकदम दहा-पंधरा टक्के वाढलं तर दाणे फुटलेत किंवा पाणी जास्त झालंय. पर्लाइट ओतताना मास्क लावा, धूळ फार बारीक असते.

पोत्यातल्या मालाचं पाणी आणि वेळ पोत्यावर असतो तोच. त्यात आपली वाळू किंवा सिमेंट "थोडं बळकटीला" घालायचं नाही. हे शेवटचं वाक्य गवंड्याला दोनदा सांगा.

---

हिशेबी

माल किती: भिंत १२.१८ चौ.मी. वजा खिडकी १.६८, म्हणजे १०.५ चौ.मी. ५० मिमीला ५२५ लिटर तयार गिलावा. सांडलवंड आणि खोल सांधे धरून ६०० लिटर धरा. पोत्यावर किलो असतात त्यांच्याकडे पाहू नका, "इतके लिटर तयार होतात" हा आकडा पाहा आणि त्याने ६०० ला भागा.

खिडकीच्या बगलांचा हिशेब यात नाही.

---

ओळंबा

आणि बगलाच विसरल्या जातात. भिंतीला ५० मिमी आणि बगल उघडी ठेवली तर सगळी थंडी चौकटीच्या कडेने आत येते आणि बुरशी कपाटामागून उठून खिडकीशी येऊन बसते. तिथे चौकटीमुळे १५-२० मिमीच जागा मिळते. तेवढ्या जागेत शक्य तितक्या कमी लॅम्डाचा माल घाला. कॉर्कची बाजू मला तिथे पटते. म्हणून बगलांना सुटा पर्लाइट नको, तिथे तर सगळ्यात चांगलं पोतं वापरा.

आडव्या भिंती बाहेरच्या भिंतीला भिडतात तिथेही गिलावा कोपरा वळवून ३०-५० सेंमी आत न्या, कडेला निमुळता करत.

---

कोरडा_विनोद

मग कॉर्क शेवटी बाटलीच्या तोंडाशीच शोभतो म्हणायचा.

---

हिरवं_घर

चला, खिडकीपुरता का होईना, जिंकलो. डाग येतात म्हणालात त्यावर उपाय?

---

ओळंबा

गिलावा पूर्ण वाळू द्या, मग पांढऱ्या रंगाऐवजी मातकट किंवा पिवळसर निवळी घ्या. पांढरंच हवं असेल तर आधी एका कोपऱ्यात एक हात मारून आठवडाभर बघा. वर डाग अडवणारा प्रायमर लावू नका, तो प्लास्टिक पेंटइतकाच बंद असतो.

---

पडवी

वाळायला नक्की किती दिवस? घरात राहतच काम करायचं आहे.

---

गवंडीकाका

ढोबळ हिशेब मिलिमीटरला एक दिवस. ५० मिमीला दीड-दोन महिने. थंड, दमट दिवसांत जास्त. पहिले तीन-चार दिवस उलट ओलं ठेवायचं, दिवसातून दोनदा बारीक फवारा, कारण चुना पाण्याशिवाय घट्ट होत नाही. त्यानंतर खिडक्या उघड्या. हीटर किंवा मोठा पंखा भिंतीकडे तोंड करून लावू नका, वरची साल आधी वाळते आणि केसासारख्या भेगांचं जाळं पडतं.

वाळलाय का बघायला हातभर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक दिवस ठेवा. आतून थेंब आले तर थांबा.

आणि दुसरा थर बसल्यावर, पुरता कडक व्हायच्या आत, वरची साल लाकडी रंध्याने नाही तर दातेरी खरवडीने काढा. रंध्याने दाबलं की चुना वर येऊन चकचकीत होतो, बाहेरून सुंदर, पण पुढचा थर त्यावर धरत नाही.

---

वास्तुवेडी

या भिंतीवर शेल्फ, टीव्ही वगैरे टांगायचं असेल तर? मऊ म्हणताय म्हणून.

---

थापी_फिरवे

गिलाव्यात काहीच धरत नाही, फ्रेमचा खिळा सोडून. स्क्रू जुन्या विटेत किमान ६० मिमी जायला हवा, म्हणजे ५० गिलावा धरून ११०-१२० मिमीचा. घट्ट आवळला की मऊ गिलावा चिरडतो, म्हणून गिलाव्याच्या जाडीइतकी नळी स्क्रूवर घाला, भार नळीवर आणि विटेवर जातो. विजेच्या पेट्या गिलाव्याच्या आधीच ५० मिमी बाहेर आणून घ्या. नंतर कापायला गेलात तर कडा भुगा होतात.

---

पडवी

खूप आभार. विक्रेत्याला लॅम्डा विचारला, ०.०७५ म्हणतो, कागद पाठवतो म्हणाला. ठरवलंय असं: सिमेंट काढणं, चिपा किंवा मिश्रण ते बघू, ५० मिमी दोन थरांत, बगलांना कॉर्क, चुन्याचं फिनिश. प्लास्टिक पेंट रद्द. विक्रेत्याने पुट्टीवरून अजून वाद घातलाच. कपाट परत त्याच भिंतीला लावलं तर चालेल?

---

ओळंबा

८-१० सेंमी पुढे ठेवा आणि खाली-वर हवा जायला फट. ५० मिमीने उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग मघाच्या उदाहरणात १७.३ वरून १८.६ अंशांवर येतो, पण भिंतीला टेकलेलं कपाट स्वतःच आणखी एक रोधक थर असतो आणि त्याच्यामागे हे आकडे लागू होत नाहीत. आत कपडे खच्चून भरलेलं कपाट असेल तर आतल्या भिंतीला हलवा.

आणि विक्रेत्याकडून कागद आला की त्यावर लॅम्डाबरोबर कोरडी घनता आणि दाबाची ताकद काय लिहिलीय ते इथे टाका. पर्लाइट-चुन्याच्या मालाला ०.०७५ चा दावा आणि घनता ७००, असं असेल तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा.

---

थापी_फिरवे

५० ला जाळी न घालता करून दाखवा कुणीतरी, म्हणजे माझंही खरं-खोटं कळेल.

---

गवंडीकाका

@थापी_फिरवे, तुमच्या भिंतीवर करा. पडवींच्या नको.